हिराबाईंचा सात-चोविसांश

चिंचवडमधल्या एखाद्या कामगाराने पगारातून फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करताच तो गेला. मागे बायको, मुलगा, मुलगी आणि आई. इथे चार समान वाटे होतात. मयताचे वडील हयात असले तरी त्यांना काही मिळत नाही, कारण १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने आईला पहिल्या वर्गात बसवलं आणि वडिलांना दुसऱ्या. फ्लॅट आपोआप बायकोचा होतो असं धरून चालणाऱ्या घरात हे बहुधा विक्रीच्या वेळी, सासूची सही लागते तेव्हा कळतं.

चाकणकडच्या वडिलोपार्जित शेतीचा हिशेब मात्र वेगळा, आणि त्याचं मूळ जुनं आहे. १९३७पूर्वी मुलगे असतील तर विधवेच्या वाट्याला फक्त पोटगी यायची. त्या वर्षीच्या कायद्याने तिला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. त्याहून जुना एक हक्क मिताक्षरेत होता: बाप आणि मुलगे वाटणी करू लागले तर बायकोला मुलाइतका वाटा. वाटणी मागण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता.

तोच हक्क सांगलीच्या एका दाव्यात कामी आला. खंडाप्पा मगदूम १९६०मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. १९५६च्या कायद्यानुसार, मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असं मानून मयताचा हिस्सा ठरवायचा. बाप, आई, दोन मुलगे असे चार वाटे, खंडाप्पांचा १/४. तो सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला १/२४. खालच्या न्यायालयाने हिराबाईंना तेवढंच दिलं, वाटणी केवळ मानलेली म्हणून. हिराबाईंचं म्हणणं असं की वाटणी मानायचीच तर त्यातला माझा १/४सुद्धा माना. उच्च न्यायालयाने ते स्वीकारलं, आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. दोन्ही मुलग्यांनाही तेवढेच. मुलींना मात्र १/२४.

या निकालाचं कौतुक करताना मुलींचा तो चोविसावा भाग सहसा नजरेआड होतो. महाराष्ट्राने १९९४मध्ये अविवाहित मुलींना सहदायाद केलं. ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहितांनाही. तेच कुटुंब आज घ्या: मानलेल्या वाटणीत आईबाप आणि पाच मुलं असे सात वाटे. बापाचा सातवा भाग सहांत गेला की प्रत्येकाला १/७ अधिक १/४२, म्हणजे बरोबर १/६. मुलींचा वाटा चौपट झाला. त्यासाठी भावांचा तर घटलाच, पण आईचाही ७/२४वरून १/६वर आला.