चाकणच्या कंपनीकडून अभिप्राय हवाय? आधी फॉर्म बाजूला ठेवा

भोसरी, तळवडे, चिखली भागातल्या अनेक छोट्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी एक प्रसंग ठरलेला असतो. आयएसओचं ऑडिट आठवड्यावर येतं आणि मालकाला आठवतं, की कस्टमर फीडबॅकची फाईल रिकामीच आहे. मग चाकणच्या ग्राहक कंपनीतल्या पर्चेसवाल्याला फॉर्म पाठवला जातो: "साहेब, आजच सही करून द्या." साहेब सगळ्या रकान्यांत 'उत्कृष्ट'वर टिक मारतात आणि फॉर्म परत येतो. ऑडिट पार पडतं, पण माल खरंच कसा होता ते कुणालाच कळत नाही.

गंमत म्हणजे आयएसओ ९००१ मध्ये असा फॉर्म भरून घेण्याची सक्तीच नाही. ग्राहक समाधानी आहे की नाही यावर लक्ष ठेवा, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. ते बैठकीतून, ग्राहकाने केलेल्या कौतुकातून किंवा आलेल्या तक्रारींवरूनही कळू शकतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना गुणवत्ता आणि वेळेवर डिलिव्हरी यांवर गुण देतात. ते गुण मिळत असतील तर निम्मा अभिप्राय न मागताच हातात असतो.

उरतो तो माणसाच्या शब्दांतला अभिप्राय. तो मागताना अवघडल्यासारखं होतं, कारण बहुतेकदा माणूस चुकीचा निवडलेला असतो आणि वेळही चुकीची असते. पर्चेसचा अधिकारी दर ठरवतो. त्याच्याकडे कौतुक मागितलं, की पुढच्या वेळी हे दर वाढवून मागणार अशी शंका त्याला येते. बिल थकलेलं असताना मागितलं तर तो तगादा वाटतो. महिनाअखेरीला तर डिस्पॅचच्या गडबडीत कुणाला मेसेज वाचायलाही फुरसत नसते. त्यापेक्षा माल रोज हाताळणारा क्वालिटी इंजिनिअर किंवा लाईनवरचा सुपरवायझर बरा. त्यालाही माल गेटमधून आत गेल्या दिवशी विचारून उपयोग नाही. इनवर्ड तपासणी होऊन तो माल लाईनवर वापरला गेला, की मगच त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीच्या एका सीएनसी वर्कशॉपने चाकणला २,००० पिना पाठवल्या आणि त्यातल्या १२ पिनांवर बर निघाली. वर्कशॉपचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर झाला, सगळा लॉट तपासला आणि खराब पिना बदलून दिल्या. पुढचे दोन लॉट स्वच्छ गेले. त्यानंतर मालकाने इंजिनिअरला फोन करून एकच प्रश्न विचारला: "आमच्या मालात किंवा पॅकिंगमध्ये तुमच्या लोकांना अजून काय त्रास होतो?"

हा प्रश्न कौतुकाचा नसल्यामुळे उत्तर मोकळेपणाने येतं. इंजिनिअर म्हणाला, "ट्रेमध्ये पिना एकमेकींवर आपटतात, तेवढं बघा. बाकी प्रॉब्लेम सगळ्यांचेच येतात, पण तुमचा माणूस सकाळी आठला गेटवर उभा होता." ट्रेची सूचना वर्कशॉपच्या कामाची. शेवटचं वाक्य म्हणजे आयता अभिप्राय! आता फक्त ते वापरण्याची परवानगी घ्यायची. त्यासाठी मालकाने ट्रे बदलले आणि मग हा मेसेज पाठवला:

"नमस्कार साहेब, ट्रेमध्ये कप्पे केले आहेत, या लॉटला बघून घ्या. परवा तुम्ही म्हणालात की आमचा माणूस सकाळी आठला गेटवर उभा होता. हे वाक्य आमच्या प्रोफाईलमध्ये घेतलं तर चालेल का? तुमचं किंवा कंपनीचं नाव टाकणार नाही, 'चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी' एवढंच लिहू. नियमात बसत नसेल तर राहू द्या, काही हरकत नाही."

समोरच्याला काहीही लिहायचं नाही आणि नकार देण्याची वाटही आधीच मोकळी आहे. नाव न टाकण्याचं आश्वासन महत्त्वाचं, कारण अनेक कंपन्यांमध्ये लोगो, पार्टचा फोटो किंवा लेटरहेड वापरायला वरून मंजुरी लागते. इंजिनिअरच्या हातात ते नसतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा आठवण करू नये. माल घेणं चालूच असतं, त्यामुळे गप्प बसणं म्हणजे नाराजी असं समजायचं कारण नाही.

कधी उत्तर येतं, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." अशा वेळी विशेषणं टाळून दोघांच्या रेकॉर्डवर असलेलंच लिहावं: कोणता पार्ट, कधीपासून, किती लॉट, त्यातले किती वेळेवर. 'सर्वोत्तम सेवा' हे कुणीही लिहू शकतं, त्यामुळे नवा ग्राहक ते वाचून पुढे जातो.

गूगल रिव्ह्यूचं गणित थोडं वेगळं आहे. त्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देणं आणि खूश असलेल्यांनाच निवडून लिंक पाठवणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. मिळालेल्या अभिप्रायाखाली महिना आणि वर्ष जरूर टाकावं, आणि तो पार्ट बनवणं बंद झालं की ते वाक्य प्रोफाईलवरून काढून टाकावं.