विरामचिन्हं येण्याआधीचा स्वल्पविराम

आज आपण कर्वेनगरात जमलो आहोत, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकमध्ये. म्हणून सुरुवात इथल्याच मातीत शोभेल अशा एका वाक्यानं करू: ‘लग्न ठरलं म्हणून तिनं शिक्षण सोडलं नाही.’ तिच्या लग्नाचा तिच्या शिक्षणावर नेमका काय परिणाम झाला?

एका अर्थानं लग्न हे शिक्षण सोडायला पुरेसं कारण नव्हतं. ते ठरलं, तरी ती शिकत राहिली. आता ‘ठरलं’नंतर स्वल्पविराम द्या: ‘लग्न ठरलं, म्हणून तिनं शिक्षण सोडलं नाही.’ आता लग्नच शिक्षण चालू राहण्याचं कारण झालं. सासरच्यांनी पाठबळ दिलं असावं. बोलताना हा फरक आपण थांबून दाखवतो. कागदावर तो दाखवायचा कसा, हा आजचा विषय.

पेशवाईतलं मोडी पत्र डोळ्यांपुढे आणा. आधी ओळ आखलेली, तिच्याखाली अक्षरं एकामागून एक लटकलेली. दोन शब्दांत मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही. तरीही कारभार बिनबोभाट चालत होता. कसा, ते पाहण्यासाठी त्या वळणाचं एक वाक्य आम्हीच रचलं आहे; वाचायला सोपं जावं म्हणून शब्द तेवढे तोडले आहेत:

‘पत्र पाठविले ते पावले त्यास ऐवजाविषयी लिहिले ते कळले ऐशास ऐवज सांप्रत येथे नाही सबब पाठविता येत नाही’

यातले सांधे शोधा. ‘त्यास’ आलं की एक मुद्दा संपला, दुसरा सुरू झाला. ‘ऐशास’ म्हणजे असं असताना. इथून उत्तराची बाजू सुरू होते. ‘सबब’ आलं की निर्णय. थांबायचं कुठे, हे वाचणाऱ्याला हे शब्दच सांगत होते. म्हणजे आज ज्यांच्याभोवती चिन्ह द्यावं की नाही असा प्रश्न पडतो, ते जोडशब्द तेव्हा स्वतःच विरामचिन्हांचं काम करत होते.

मग छापखाना आला, शाळा आल्या, आणि मेजर थॉमस कँडी आले. मोल्सवर्थच्या कोशात त्यांचा हात होता आणि पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे ते प्रमुख झाले. 1850 साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं. इंग्रजी छपाईतली चिन्हं मराठीत रुजली, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्याचा फायदा उघड आहे. आपलं लग्नाचं वाक्य त्या एका चिन्हानंच सुटलं. पण चिन्हं आली म्हणून जुने सांधे गेले नाहीत. एकाच वाक्यात दोन व्यवस्था नांदू लागल्या.

अडचण कुठे होते ते पाहू. इंग्रजीत ‘हाऊएव्हर’ वाक्याच्या मध्ये आला की बहुधा दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम पडतो, कारण तो शब्द वाक्याच्या बांधणीबाहेर, कंसात ठेवल्यासारखा असतो. भाषांतर करणारा तीच चिन्हं उचलतो आणि लिहितो: ‘समितीने, तथापि, निर्णय बदलला नाही.’ वाचताना खडा लागतो. ‘तथापि’ची जागा मराठीत सहसा वाक्याच्या तोंडाशी असते: ‘टीका झाली, तथापि समितीने निर्णय बदलला नाही.’ विराम ‘तथापि’च्या आधी पडला, नंतर त्याची गरज उरली नाही.

मध्येच यायचं असेल तर मराठीकडे ‘मात्र’ आहे. पण तो कंसात बसत नाही, मागच्या शब्दाला टेकून उभा राहतो. ‘समितीने मात्र निर्णय बदलला नाही’ म्हणजे बाकीच्यांनी बदलला असेल. ‘समितीने निर्णय मात्र बदलला नाही’ म्हणजे इतर काही बदललं, निर्णय तोच राहिला. इंग्रजीत चिन्ह जे काम करतं, ते इथे शब्दाची जागा करते. ‘समितीने, मात्र, निर्णय’ असं लिहिलं की टेकूच निघतो, आणि विरोध कोणाशी आहे ते कळेनासं होतं.

नियमांचा आधार शोधायला गेलो तर हाती फार लागत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 आणि 1972 चे नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा लेखनाच्या प्रश्नांचे आहेत. शाळेत आपण शिकतो ते एवढंच, की एका जातीचे अनेक शब्द लागोपाठ आले किंवा कोणाला हाक मारली, तर स्वल्पविराम द्यावा.

म्हणून आम्ही पडताळा घेतो तो कानानं. वाक्य मोठ्यानं वाचायचं. ‘मात्र’च्या आधी आवाज थांबत नाही, तिथे चिन्ह नको. ‘म्हणून’च्या आधी थांबल्यानं अर्थ पालटतो, तिथे चिन्ह हवंच, विशेषतः वाक्याच्या शेवटी ‘नाही’ असेल तेव्हा. नाहीतर त्या मुलीनं शिक्षण कशामुळे चालू ठेवलं, हे वाचणारा आपल्या मनानं ठरवेल.