तक्त्यातली आडवी रेघ

बीड जिल्ह्यातल्या एका मंडळाच्या जुन्या पावसाच्या आकड्यांवर मी काही वर्षांपूर्वी एक टिपण लिहिले होते. ‘त्या वर्षी जुलै पूर्ण कोरडा गेला’ असे एक ठाम वाक्य त्यात होते. ते वाचून तिथले एक वयस्कर शेतकरी भेटायला आले. म्हणाले, “जुलैत नदीला पूर होता, सर. आमची बैलगाडी दोन दिवस पलीकडंच अडकली होती.” घरी येऊन वही काढली. मूळ तक्त्यात जुलैच्या घरात आडवी रेघ होती. शून्य मी घातले होते, उतरवून घेताना.

हे टिपण त्याआधी अनेकांनी वाचले होते, पण कोणाला काही खटकले नाही. ज्या जिल्ह्याने १९७२चा दुष्काळ पाहिला, तिथे जुलैतले शून्य खरेच वाटते. कोकणातल्या तक्त्यात ते पहिल्याच वाचकाने पकडले असते.

मग मी रेघांकडेच पाहू लागलो. जिल्हा जनगणना पुस्तिका घेतली, तर एकाच पुस्तकात रेघेचे अर्थ बदलतात. दशकवार लोकसंख्येच्या तक्त्यात १९०१च्या ओळीत वाढीच्या रकान्यात रेघ असते, कारण तुलनेला त्याआधीचा आकडा तक्त्यात नाही. तिथे प्रश्नच लागू होत नाही. गावनिहाय सोयींच्या यादीत मात्र दवाखान्याखालची रेघ म्हणजे गावात दवाखाना नाही. शेजारी कंसात सर्वांत जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, तो टप्पा दिलेला असतो. ही रेघ खरे शून्य आहे. आपल्या भाषेतले ‘उपलब्ध नाही’ तर आणखी फसवे. सोय उपलब्ध नाही, की माहिती उपलब्ध नाही? पहिले शून्य, दुसरे शून्य नव्हे. १९८१मध्ये आसामात जनगणनाच झाली नाही. त्या वर्षीच्या आसामच्या घरात शून्य कोणी लिहिणार नाही, पण एखाद्या मंडळाच्या बाबतीत आपण ते बिनदिक्कत लिहितो.

रेघ कोणती हे ओळखायचे कसे? आधी पुस्तकाची प्रस्तावना आणि तळटिपा वाचाव्यात. खुणांचा खुलासा बहुधा तिथेच असतो. तो नसेल तर छापील बेरीज पाहावी. समजा जून ११०, जुलै रेघ, ऑगस्ट ९०, सप्टेंबर १४० मिलिमीटर. एकूण ४८० छापले असेल, तर जुलैचे १४० वजाबाकीने निघतात. एकूण ३४० असेल, तर रेघ शून्य असू शकते. पण बेरीज करणाऱ्या कारकुनानेही माझ्यासारखेच केले असण्याची शक्यता उरते. तेव्हा शेजारच्या केंद्रांचा तोच महिना पाहावा. एकूणच्या घरातही रेघ असेल, तर नोंद नाही असे समजावे.

शून्य घातले की चार महिन्यांची सरासरी ८५ येते. जुलै वगळला तर तिन्हींची सुमारे ११३. ही दुसरी संख्याही चार महिन्यांची म्हणून वापरता येत नाही, कारण जुलै इतरांसारखाच होता हे कोणी सांगितले? मी आता ‘तीन महिन्यांची नोंद, बेरीज ३४०’ एवढेच लिहितो.

उतरवण्याची पद्धतही बदलली. प्रत्येक आकड्यासाठी तीन रकाने ठेवतो. पहिल्यात छापलेली खूण जशीच्या तशी, रेघ तर रेघ, ठिपके तर ठिपके. दुसऱ्यात फक्त संख्या. ती नसेल तर घर मोकळे. तिसऱ्यात शब्दांत कारण: खरे शून्य, नोंद नाही, लागू नाही, किंवा ठरवता येत नाही. हा शेवटचा शब्द लिहिताना सुरुवातीला कमीपणा वाटायचा. काही जण मोकळ्या जागी -999 भरतात. ते बेरजेत गेले की पाऊस उणे होतो, म्हणून मी ते टाळतो.

संगणकावर आणखी दोन सापळे आहेत. एक्सेलमध्ये `AVERAGE` मोकळे घर सोडून देते, पण त्याच पानावर दुसऱ्या घरात `=B3` असे लिहून तेच मोकळे घर आणले की तिथे ० उमटतो. त्याऐवजी मी असे लिहितो:

```
=IF(B3="","",B3)
```

उलट, हिशेबी स्वरूप दिलेल्या घरात खरे शून्यच पडद्यावर रेघ होऊन दिसते. म्हणून घरावर क्लिक करून वर सूत्राच्या पट्टीत काय आहे ते पाहतो.

त्या जुलैसाठी शेजारच्या दोन केंद्रांचे तक्ते काढले. दोन्हींत त्या महिन्यात पाऊस होता. माझ्या वहीत आता जुलैपुढे रेघ, मोकळे घर आणि ‘नोंद नाही’ असे आहे. बाजूला पेन्सिलीने पुराची आणि बैलगाडीची आठवण लिहिली आहे. पाऊस किती पडला हे तिच्यावरून कळत नाही, म्हणून ती संख्येच्या रकान्यात घेतलेली नाही.