सोळा बटणांचा हातमोजा, बटणं मात्र तीनच

समजा, तुम्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा युरोपीय पोशाख अभ्यासताय आणि एका संग्रहालयाच्या सूचीत अशी नोंद दिसली: स्त्रीचे हातमोजे, पांढरे, करडाचं कातडं, सोळा बटणी, मुस्कतेर, बिनअस्तर. तुम्ही फोटो उघडता आणि बटणं मोजता, तर जेमतेम तीन! नोंद चुकली का?

नाही. 'बटण' हे इथे लांबीचं माप आहे. फ्रेंच हातमोजेवाले अंगठ्याच्या मुळापासून वरच्या काठापर्यंतची लांबी बटणांत सांगत, आणि एक बटण म्हणजे साधारण एक फ्रेंच इंच, सुमारे 2.7 सेंमी. सोळा बटणं म्हणजे 43 सेंमीच्या आसपास, म्हणजे मोजा कोपराच्या वर जातो. हा ऑपेराला आणि मोठ्या नाचाच्या समारंभाला बिनबाह्यांच्या गाऊनवर घालायचा.

आता दुसरा सापळा. संग्रहालय बहुतेक वेळा मोज्याची पूर्ण लांबी देतं, बोटांच्या टोकापासून. तिथे 59 सेंमी लिहिलेलं असेल आणि तुम्ही सरळ 2.7 ने भागलंत, तर बावीस बटणं येतील. आधी अंगठ्याच्या मुळापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा भाग, साधारण 16 सेंमी, वजा करा. मग 43 उरतात, म्हणजे आपले सोळा. कातडं जुनं होऊन आकसतं, त्यामुळे एखाद्या बटणाचा फरक आला तर लगेच काही सिद्ध करायला जाऊ नका.

मग ती तीन बटणं कशाला? मुस्कतेर म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूची फट, आणि बटणं तिचीच. ती सोडली की पंजा बाहेर काढता येतो आणि रिकामा पंजा मनगटाशी दुमडून ठेवता येतो. शिष्टाचार जेवताना मोजे काढा म्हणे, पण दंडापर्यंतचा घट्ट मोजा टेबलाशी बसून उतरवणं म्हणजे दिव्यच, म्हणून ही पळवाट.

'बिनअस्तर' हा शब्द मी स्वतः सुरुवातीला वाचून सोडून द्यायचे. पण समारंभाचा मोजा कातडीसारखा चिकटून बसायला हवा. आत लोकर किंवा फर आली की बोटं जाड दिसतात. म्हणून उबेचं अस्तर दिसलं तर आधी बाहेरच्या, थंडीतल्या वापराचा विचार करा, मग रंग कितीही पांढरा असो.

आणि 'मिटन' शब्द भेटला तर आधी साल बघा. आज त्याचा अर्थ चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा लोकरी मोजा. अठराव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत मात्र तो बऱ्याचदा बोटं उघडी ठेवणारा, कोपरापर्यंतचा रेशमी किंवा सुती मोजा असतो, घरात बसून शिवणकाम करतानाही हातात राहणारा. तिथे बर्फ शोधत बसू नका.