बाप डेनिसोवन, आई निअँडरथल

आमचं रक्त अस्सल, असं सांगणारे आपल्यात कमी नाहीत. कुणी अरबी वंश सांगतो, कुणी आर्य.

सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हाडाचा एक लहानसा तुकडा सापडला. सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा. २०१८ साली तिच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आई निअँडरथल, बाप डेनिसोवन, म्हणजे दोन वेगळ्या मानवगटांची ही थेट लेक. गंमत अशी की, त्या बापाच्याही पूर्वजांत निअँडरथल होताच!

पुढे आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडले, तेव्हा त्यांनीही या दोघांशी सोयरीक केली. म्हणून आज आफ्रिकेबाहेर मूळ असलेल्या माणसाच्या डीएनएत सुमारे २ टक्के वाटा निअँडरथलांचा आहे. भारतीयांत थोडा डेनिसोवनांचाही. यात सय्यद आले, ब्राह्मणही आले.