आज्ञार्थ (मराठी पाककृती-सरावातील)

आज्ञा, सूचना किंवा विनंती सांगणारे क्रियापदाचे रूप. मराठीत नुसता धातू एकवचनी आज्ञार्थाचे काम करतो (चिर, टाक). अनेकांना किंवा आदराने सांगताना ‘चिरा’, ‘टाका’ होते. नवशिके अडखळतात ते स्वरान्त धातूंपाशी: घे–घ्या, दे–द्या, धू–धुवा.

कांदेपोह्यांची कृती सरावाला सोयीची. ‘पोहे धुवा, निथळत ठेवा, पाण्यात ठेवू नका.’ नकारात धातूला ‘ऊ’ लागून पुढे ‘नको’ किंवा ‘नका’ येते. ‘नाही ठेवा’ ही नेहमीची चूक. सांगणारा स्वतः सामील असेल तर ‘आता वाफ आणूया’. पंगतीत मीठ मागताना मात्र ‘जरा मीठ द्याल का?’ हेच शोभते.

खरी कसोटी छापील कृतीत लागते. तिथे बहुधा विध्यर्थ असतो आणि तो कर्माप्रमाणे बदलतो: कांदा चिरावा, मिरची चिरावी, पोहे धुवावेत. आज्ञार्थात कांदा काय नि मिरची काय, ‘चिरा’च. म्हणून तोंडी कृती छापील रूपात लिहायला द्यावी. ‘मिरची चिरावा’ असे आले, तर विद्यार्थ्याचे लिंगज्ञान कच्चे आहे, आज्ञार्थ नव्हे.