तळटीप : समाकलनातील स्थिरांक

उतार कळला तरी उंची कळत नाही. अवकलनात स्थिर संख्या शून्य होते, म्हणून उलट येताना ती C म्हणून परत मांडावी लागते. उत्तराच्या शेवटी C जोडला की भागले, हा समज घातक आहे. आष्ट्याच्या शिवारातले, उभ्या भिंतींचे आणि 4 मीटर पाणी असलेले एक शेततळे कल्पू. तळाच्या छिद्रातून ते dh/dt = −0.2√h या दराने रिकामे होते (वेळ तासांत). समाकलन करताच 2√h = −0.2t + C. सुरुवातीला h = 4, म्हणून C = 4 आणि h = (2 − 0.1t)². 10 तासांनी पाणी 1 मीटर, 20 तासांनी तळे कोरडे. C विसरला, तर डावीकडे धन आणि उजवीकडे ऋण संख्या येते. तिकडे दुर्लक्ष करून वर्ग केला व मग C जोडला, तर h = 0.01t² + 4, म्हणजे 10 तासांनी 5 मीटर : गळके तळे भरत जाते! हे उत्तर मूळ समीकरणात घालताच चूक उघडी पडते. निश्चित समाकलनात C दिसत नाही, असा आक्षेप येईल. तिथे तो वजाबाकीत नाहीसा होतो आणि सुरुवातीच्या पातळीची माहिती खालची सीमा पुरवते.